फणस पोर्तुगीज कधी झाला?

मे महिन्यात भाची माझ्याकडे राहायला आली होती. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास चालू, त्यामुळे हातात व्याकरणाच्या नोट्स आणि तोंडात सतत पाठांतर. मी हाताला तेल लावून विळीवर कोवळा फणस चिरत होते आणि ती शेजारी बसून घोकत होती, ‘पोर्तुगीज शब्द : बटाटा, तंबाखू, पगार, बिजागरी, कोबी, हापूस, फणस, घमेले, लोणचे...’

माझा हात थांबला. ‘फणस?’

‘हो मावशी, फणस. लोणचंपण.’

विळीवरचा चीक पुसत मी तिच्या नोट्स पाहिल्या. खरंच तसं छापलं होतं. नंतर शोधलं तर कळलं, की हा एका पुस्तकातला चुकार ठसा नाही. तीच यादी, जवळजवळ त्याच क्रमाने, वेगवेगळ्या नोट्समध्ये फिरते आहे. एकाने दुसऱ्याची उतरवली, तिसऱ्याने दुसऱ्याची, आणि मुलं ती पाठ करून परीक्षेला बसतात. आपल्याकडे दर फेब्रुवारीत मराठी भाषा दिनाला भाषेच्या शुद्धतेवर भरपूर वाद होतात. मला वाटतं, त्याआधी या यादीवर वाद व्हायला हवा. कारण ‘पोर्तुगीज’ हा शिक्का एकदा मारला की त्या शब्दाबद्दल सगळं सांगून झालं असं आपण धरून चालतो, आणि खरी गोष्ट तिथून पुढेच सुरू होते.

आधी फणसाचा निकाल लावू. संस्कृतात ‘पनस’ आहे, आणि त्यातल्या प चा फ होऊन आपला फणस झाला, जसा परशूचा फरशी झाला. झाड पश्चिम घाटातलं, इथलंच. पण याहून मजेदार पुरावा खुद्द एका पोर्तुगीज माणसाने ठेवला आहे. गार्सिया द ओर्ता हा वैद्य गोव्यात राहत होता. मुंबई बेटही काही काळ त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं. त्याने इथल्या वनस्पती आणि औषधांवर संवादांच्या रूपात एक ग्रंथ लिहिला, तो १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यात फणसाबद्दल तो सांगतो, की मलबारात याला ‘जाका’ म्हणतात आणि इकडच्या बाजूला ‘पनस’. म्हणजे पोर्तुगीजांना हे फळ नवं होतं. त्यांनी मल्याळममधला ‘चक्का’ उचलला, त्याचा ‘जाका’ केला, आणि पुढे इंग्रजांनी त्याचा जॅकफ्रूट केला. शब्दाची देवघेव इथे झाली जरूर, पण उलट्या दिशेने. त्यांनी आपल्याकडून नेलं, आणि आपण चारशेहून जास्त वर्षांनी ते त्यांच्या नावावर जमा करतो आहोत.

लोणच्याचं तसंच. ‘लवण’ म्हणजे मीठ, खारवण्यातलं. त्यावरून लोणचं. पोर्तुगीजांकडे लोणच्याला जो शब्द आहे तो ‘अशार’, आणि तो त्यांनी पूर्वेकडेच उचललेला, आपल्या ओळखीचा ‘अचार’ किंवा ‘आचार’. घरातली बरणी उघडून दाखवली तरी पटेल अशी ही गोष्ट, पण बरणी कोण बघतो? नोट्समध्ये आहे ना, मग आहे.

यावर नेहमीचं उत्तर असं येतं, की मुलांना मार्क हवेत, व्युत्पत्ती हा हौशी लोकांचा छंद आहे, एखादा शब्द इकडचा तिकडे झाला तर काय बिघडतं? बिघडतं ते असं, की खरे पोर्तुगीज शब्द ओळखायची रीत अवघड नाही आणि ती शिकवली तर यादी पाठ करावी लागत नाही. भाचीला मी ती दोन शब्दांवरून दाखवली.

पहिला शब्द ‘लिलाव’. पोर्तुगीजमध्ये लिलावाला जो शब्द आहे त्याचा उच्चार साधारण ‘लैलांव’ असा, शेवट नाकातून. दुसरा ‘पाव’. तिकडे त्याचा उच्चार ‘पांव’, शेवट पुन्हा नाकातून. दोन्हींचा शेवट एकच, आणि मराठीत आल्यावर दोन्हींचं एकच झालं : नाकातला आवाज गेला आणि ‘आव’ उरला. गोव्यातल्या जुन्या घरांपुढे बसायला जो ओटा असतो त्याला ‘बल्कांव’ म्हणतात, तोही याच घराण्यातला. हिंदीने लिलावाचं ‘नीलाम’ केलं, म्हणजे नाकातला आवाज ठेवला पण ‘म’ म्हणून, आणि सुरुवातीच्या ल चा न केला. मराठी रूप मुळाच्या जास्त जवळ राहिलं, कारण ते किनाऱ्यावर, बोलणाऱ्याच्या तोंडून थेट कानात पडलं.

आता याच मापाने ‘साबण’ मोजून बघा. तोही अनेक याद्यांत पोर्तुगीज म्हणून असतो. पोर्तुगीजमध्ये साबणाला ‘साबांव’. आपल्या नियमाने त्याचा मराठीत ‘साबाव’ व्हायला हवा होता. झाला ‘साबण’. अरबी-फारसीत मात्र ‘साबून’ आहे, आणि साबून ते साबण हा रस्ता सरळ आहे. मुळात पोर्तुगीज आणि अरबी दोन्ही शब्द एकाच लॅटिन आजोबांचे नातू आहेत, म्हणून ते सारखे दिसतात आणि यादी करणारा फसतो. ‘मेज’चंही तसंच. पोर्तुगीजमध्ये ‘मेझा’ म्हणजे टेबल, हे खरं. पण फारसीत ‘मेज़’ आहे, आणि यजमानाला ‘मेज़बान’ म्हणायची रीत पोर्तुगीज जहाजं इकडे यायच्या कितीतरी आधीची. दरबारी फारसी मराठीच्या उशाशी असताना हा शब्द आणायला लिस्बनला जायची गरज नव्हती.

हा नियम लोखंडी नाही, हेही सांगायला हवं. ‘कप्तान’ त्यात बसत नाही. पोर्तुगीज ‘कापितांव’चा ‘कपिताव’ झाला नाही. पण कप्तान हा जहाजावरचा शब्द, इटालियनपासून तुर्कीपर्यंत सगळ्या खलाशांच्या तोंडी थोड्याफार फरकाने होता. तो कोणाच्या गलबतातून उतरला ते एका उच्चारावरून ठरवता येणार नाही. मुद्दा असा, की नियम असला की अपवादालाही अर्थ येतो. नुसत्या यादीत ना नियम, ना अपवाद.

पावावर जरा थांबू, कारण त्याच्याभोवती जितक्या भाकडकथा आहेत तितक्या कुठल्याच शब्दाभोवती नसतील. एक कथा सांगते, की पूर्वी बेकरीत पीठ पायाने तुडवायचे, म्हणून ‘पाव’. ही कथा मराठीत जन्मलीच नाही. मराठीत पाय म्हणजे पाय. ‘पाँव’ म्हणजे पाय होतो तो हिंदीत. तिकडे कोणीतरी ‘पाँव’ आणि ‘पावरोटी’ची सांगड घातली आणि ती भाषांतरित होऊन इकडे आली, आपल्याकडे तिचा पाय जमिनीला टेकत नाही हे न पाहता. दुसरी कथा सांगते, की चार तुकड्यांची लादी, त्यातला चौथा भाग तो पाव. ज्याने बेकरीतून लादी आणली आहे त्याने सांगावं, लादीत चारच पाव असतात असं कुठे पाहिलं? आपला ‘पाव किलो’मधला पाव संस्कृत ‘पाद’वरून आला, चौथा हिस्सा. त्याचा आणि वड्याभोवतीच्या पावाचा संबंध एवढाच, की दोघे एकाच दुकानात एकाच वाक्यात येऊ शकतात : ‘पाव किलो फरसाण आणि सहा पाव.’

मुळात पोर्तुगीज ‘पांव’ म्हणजे कुठलीही भाजलेली भाकरी-रोटी. जाडी, पातळ, गोल, लांब, सगळी. तो सर्वसाधारण शब्द होता, आपल्या ‘अन्न’ किंवा ‘भाकरी’सारखा. गोव्यात तो आला तेव्हा इथे यीस्ट नव्हतं. पीठ फुगवायला माडाची सूर घालायची पद्धत पडली. पाव करणारा तो ‘पोदेर’, हाही त्यांच्या ‘पादैरु’वरून. आजही गोव्यात सकाळी पोदेर सायकलवरून भोंगा वाजवत येतो आणि त्याच्या टोपलीत पोय, उंडो, कांकण अशी वेगवेगळी नावं असतात. म्हणजे गोव्यात ‘पाव’ हे कुळाचं नाव, आणि त्याखाली घरं वेगळी. मुंबईत आल्यावर तो आकसला. इथे पाव म्हणजे मऊ, चौकोनी, लादीतून तोडलेला एकच प्रकार. स्लाइस ब्रेड समोर ठेवला तर मुंबईचा माणूस त्याला पाव म्हणणार नाही, ब्रेड म्हणेल. एका परक्या शब्दाने कुळाचं नाव सोडून एका घराचं नाव घेतलं, आणि मोकळ्या जागेत दुसरा परका शब्द येऊन बसला. हिंदीवाल्यांनी तर ‘पावरोटी’ केली, म्हणजे रोटी-रोटी. आपल्याला माहीत असलेल्या शब्दाची शेपटी लावल्याशिवाय त्यांना पटलं नसावं, ही भाकरी आहे म्हणून.

बटाट्याची गोष्ट याहून गुंतागुंतीची, आणि माझ्या मते सगळ्यांत सुंदर. यादी म्हणते ‘बटाटा : पोर्तुगीज’. पण पोर्तुगीजांना हा शब्द आईच्या दुधातून मिळालेला नव्हता. कॅरिबियन बेटांवर ताइनो लोक राहत. कोलंबसच्या मागोमाग तिथे गेलेल्या स्पॅनिश लोकांनी त्यांच्या तोंडून ‘बताता’ ऐकला, आणि तो युरोपभर पसरला. आता खरी गंमत : ताइनोंचा बताता म्हणजे बटाटा नव्हेच. ते रताळं. आजही रताळ्याच्या शास्त्रीय नावातला दुसरा शब्द ‘बतातास’ आहे. आपण ज्याला बटाटा म्हणतो तो तिकडे अँडीज पर्वतात, दुसऱ्या टोकाला, आणि त्याला तिथले केचुआ बोलणारे लोक ‘पापा’ म्हणत. दोन्ही कंद जमिनीखालचे, दोन्ही नवे, दोन्ही उकडून खायचे. युरोपात नावांची गल्लत झाली. स्पेनमध्ये बताता आणि पापा एकत्र होऊन ‘पताता’ झाला. इंग्रजीतला ‘पोटॅटो’ही आधी रताळंच होता. पोर्तुगीजांनी बताता हे नाव हळूहळू नव्या कंदाला दिलं आणि बिचाऱ्या रताळ्याला मागे ‘गोड’ जोडावं लागलं, ‘गोड बताता’.

ही सगळी उलथापालथ आपल्याला कशी दिसते? श्रीलंकेकडे बघितलं की दिसते. पोर्तुगीज तिथे १५०५ साली पोहोचले आणि १६५८ पर्यंत होते, नंतर डच आले. सिंहली भाषेत ‘बतल’ म्हणजे आजही रताळं. आणि बटाट्याला ते डचांचा शब्द वापरतात, ‘अर्तापल्’. म्हणजे लंकेला बताता मिळाला तेव्हा त्याचा अर्थ रताळंच होता, आणि खरा बटाटा तिथे पुढे डचांच्या नावाने आला. आपल्या किनाऱ्यावर मात्र पोर्तुगीजांचा मुक्काम लांबला, वसईत १७३९ पर्यंत आणि गोव्यात १९६१ पर्यंत. त्यांच्या तोंडी शब्दाचा अर्थ बदलला तो आपल्याकडेही पोहोचला. एकच शब्द, एकच माणसं नेणारी, आणि दोन किनाऱ्यांवर दोन वेगळे कंद. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांचा वकील सर टॉमस रो याच्याबरोबर आलेल्या टेरी नावाच्या पाद्र्याने मोगल सरदार असफखानाच्या मेजवानीत ‘पोटॅटो’ खाल्ल्याचं लिहिलं आहे. ते वाचून कोणी म्हणालं, की बघा, मोगल दरबारात बटाटा होता, तर त्याला विचारायचं, बटाटा की रताळं?

आणि रताळ्याचं आपलं नाव? तेही उसनं घेतलेलं आहे, फक्त परक्याकडून नव्हे, घरातल्या माणसाकडून. संस्कृतात ‘रक्तालु’ म्हणजे तांबडा आळू, एक जातीचा कोनफळासारखा कंद. अमेरिकेतून रताळं आलं तेव्हा ते तांबूस होतं, म्हणून जुन्याचं नाव नव्याला चिकटलं. उत्तरेकडे ‘आलू’चं तेच झालं. आधी कुठल्याही खायच्या कंदाचं नाव, मग फक्त बटाट्याचं. म्हणजे नाव देशी तर फळ विदेशी, नाव विदेशी तर तेही चुकीच्या फळाचं. आषाढी एकादशीला आपण ताटात बटाटा, रताळं, शेंगदाणे वाढून घेतो आणि हे सगळं ‘उपासाचं’ म्हणतो, त्यातला एकही कंद किंवा दाणा ज्ञानेश्वरांना माहीत नव्हता. (हे मी एकदा घरात बोलून दाखवलं होतं. पुन्हा बोलत नाही.)

मूळ अर्थ शोधायचा तो का, हे मला सर्वांत जास्त ‘तुरुंग’ या शब्दाने शिकवलं. अनेकांना तो संस्कृत वाटतो, कारण ‘तुरंग’ म्हणजे घोडा हा शब्द जवळच आहे. दोघांचा काही संबंध नाही. पोर्तुगीजमध्ये ‘त्रोंकु’ म्हणजे झाडाचं खोड. नुसतं खोड. मग खोडाला भोकं पाडून त्यात गुन्हेगाराचे पाय अडकवायचे, म्हणून त्या लाकडालाही त्रोंकु. मग ते लाकूड जिथे ठेवलेलं, त्या जागेला त्रोंकु. पोर्तुगीजांच्या ठाण्यांत कैदखान्याला हेच नाव पडलं. सुरुवातीची जोडाक्षरं आपल्या जिभेला जड, म्हणून मध्ये उकार घालून ‘तुरु’, आणि शेवटचा क अनुस्वारापाठी घोळून ग. झाला तुरुंग. एकट्या मराठीतच नव्हे, मल्याळममध्ये तुरुंगासाठी ‘तुरुंक’ आहे आणि मलय भाषेत ‘तेरुंकु’. जिथे जिथे पोर्तुगीजांनी किल्ला बांधला तिथे तिथे हा शब्द मागे राहिला. ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे, की एखादी सत्ता गेल्यावर लोकांच्या तोंडात तिचा पाव राहतो आणि तिचा तुरुंगही.

आता मराठीकडे बघा. पायात घालायच्या त्या लाकडाला आपण काय म्हणायचो? खोडा. झाडाच्या बुंध्याला काय म्हणतो? खोड. म्हणजे जे पोर्तुगीजांनी केलं तेच आपणही आधीच करून ठेवलं होतं, लाकडाचं नाव शिक्षेला दिलं होतं. फरक एवढाच, की आपल्या खोड्याची पुढे इमारत झाली नाही, वाक्प्रचार झाला. आजही कोणी कामात ‘खोडा घालतो’. परक्याचा त्रोंकु मोठा होऊन चार भिंतींचा तुरुंग झाला आणि घरचा खोडा म्हणींत जाऊन बसला. हे ‘तुरुंग : पोर्तुगीज’ एवढ्या ओळीतून कुणाला कधी कळणार?

काही शब्दांचं मूळ थोडक्यातही मजा देतं. ‘पगार’ हे पोर्तुगीजमध्ये नाम नाही, क्रियापद आहे, ‘पागार’ म्हणजे पैसे चुकते करणं. त्याच्याही मागे लॅटिनमध्ये गेलं तर त्याचा अर्थ शांत करणं, समजूत घालणं, आणि त्याच्या मुळाशी शांतीचा शब्द. देणेकऱ्याला गप्प करण्यासाठी दिलेले पैसे, तो पगार. महिनाअखेरीला हा अर्थ कुणाही नोकरदाराला पटेल. ‘घमेलं’ हे मूळचं लाकडी कोरलेलं टोपलं, पीठ मळायला किंवा जनावरांना चारा घालायला वापरायचं. आपण ते लोखंडाचं केलं, बांधकामावर नेलं आणि त्यात सिमेंट कालवलं. कोबीचं मूळ ‘कोव’, आणि तिकडे तो आजही मोकळ्या पानांच्या भाजीला जास्त वापरतात. गच्च वळलेल्या गड्ड्याला त्यांच्याकडे वेगळा शब्द आहे. ‘कोव’च्या मागे लॅटिनमध्ये गेलं तर तो नुसता देठ. गोव्यातला सगळ्यांत लाडका आंबा मानकुराद. त्याचं मूळ ‘मालकोरादा’, म्हणजे रंग नीट न आलेला. ज्याला पोर्तुगीजांनी रंगावरून नापास केलं त्याच आंब्यासाठी आज गोवेकर मोसमाच्या सुरुवातीला डोळे पांढरे होतील असे पैसे मोजतो.

यादीच्या बाहेर पडलं की मग भाषाशुद्धीच्या वादातही दोन्ही बाजू थोड्या हलक्या पडतात. एक बाजू म्हणते, हे गुलामीचे ठसे, पुसून टाका. त्यांना मी एकच शब्द दाखवते : आरमार. शिवाजी महाराजांच्या आरमाराचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. पण शब्द पोर्तुगीज ‘आर्मादा’वरून आलेला आहे, मूळ अर्थ ‘सशस्त्र’. सशस्त्र जहाजांचा ताफा, म्हणून आर्मादा. कल्याणच्या खाडीत महाराजांनी जहाजबांधणी सुरू केली तेव्हा त्या कामावर पोर्तुगीज कारागीर होते. त्यामुळे हा शब्द कुठल्या वाटेने रुळला असेल हे फार शोधावं लागत नाही. महाराजांच्याच काळात फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश तयार झाला. म्हणजे शब्द बदलण्याची इच्छा होती, यंत्रणा होती, पंडित होते. तरी पुढे १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात समुद्राचा विषय लिहिला तो ‘आरमार’ या शब्दानेच, आणि ज्याच्याजवळ आरमार त्याचा समुद्र, असं बजावलं. शत्रूकडून जहाजाचं नाव घेतलं आणि त्याच्याच समुद्रात ते चालवलं, यात गुलामी कुठे आहे?

दुसरी बाजू म्हणते, बघा आपली भाषा किती सर्वसमावेशक, सगळ्यांना सामावून घेते, संस्कृतींचा सुंदर संगम वगैरे. हेही मला पटत नाही. १६८४ साली गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढलं, की लोकांनी कोकणी सोडून पोर्तुगीज बोलायला लागावं, आणि त्यासाठी तीन वर्षांची मुदत दिली. संगम हा शब्द त्या फर्मानाला लागू पडत नाही. आणि ते फर्मान फसलं. कोकणी राहिली. जे शब्द लोकांनी खरोखर घेतले ते हुकमाने आलेले नव्हते. ते बेकरीतून आले, लिलावाच्या बोलीतून, सुताराच्या बिजागरीतून, महिन्याच्या हिशेबातून. लोकांना वस्तू नवी वाटली तिथे तिच्याबरोबर नाव घेतलं. आणि जिथे आपल्याकडे चांगला शब्द होता, फणसासाठी, लोणच्यासाठी, तिथे घेतलं नाही. ‘किल्ली’ असूनही ‘चावी’ घेतली, हा अपवाद. आणि त्या चावीत एक बारीक गंमत लपली आहे. आज लिस्बनमध्ये हा शब्द ‘शाव’ असा ऐकू येतो. तो शब्द इकडे आला तेव्हा पोर्तुगीज माणूसही च म्हणत होता, पुढे त्यांच्याकडे च चा श झाला. त्यांनी टाकलेला सोळाव्या शतकातला आवाज आपल्या खिशात किल्ल्यांच्या जुडग्याबरोबर खुळखुळतो आहे.

हे सगळं शोधायला काही नवं संशोधन करावं लागत नाही. गोव्यातल्या आसगावचे सेबास्तियांव रोडोल्फो दालगादो यांनी १९१३ सालीच आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांवर जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. मराठीपासून मलयपर्यंत कुठला शब्द कुठे कसा वापरला जातो ते त्यात मांडलं आहे. १९३६ साली त्याचं इंग्रजी भाषांतर बडोद्याहून निघालं. शंभरहून जास्त वर्षं हे काम उपलब्ध आहे, आणि आपण नोट्सवरून नोट्स उतरवतो आहोत.

परीक्षेत शब्दांच्या मुळांवर प्रश्न विचारायचेच असतील तर ‘खालीलपैकी पोर्तुगीज शब्द ओळखा’ हा प्रश्न काढून टाकावा, असं माझं म्हणणं आहे. त्याऐवजी विचारावं : लिलाव आणि पाव यांच्या शेवटात काय साम्य आहे, आणि साबण त्यात का बसत नाही? किंवा : तुरुंग आणि खोडा यांच्या मुळाशी कोणती एकच वस्तू आहे? याची उत्तरं पाठ करता येत नाहीत, पण डोकं लावून काढता येतात. प्रश्नपत्रिका काढणाऱ्याला मात्र थोडं वाचावं लागेल. बहुधा तिथेच खोडा आहे.

भाचीला हे सगळं ऐकवून झालं तोवर फणसाची भाजी शिजत आली होती. तिने नोट्समध्ये फणसाखाली पेन्सिलने रेघ मारली, ‘पनस, ओर्ता, १५६३’ असं बाजूला लिहिलं आणि मग म्हणाली, ‘पण मावशी, परीक्षेत आला तर मी पोर्तुगीजच लिहिणार हं. उत्तरतालिकेत तेच असेल.’

मी तिला दोष देऊ शकले नाही. ताट वाढायला घेतलं.